रात्री न्हाणीघरात किती उजेड हवा?

गेल्या काही वर्षांत कोकणातल्या घरांत दोन बदल जवळपास एकदमच झाले. माजघरातला पिवळा बल्ब जाऊन भिंतीवर एलईडीची लांब पांढरी पट्टी आली. आणि मागीलदारी, माडांच्या पलीकडे असलेला संडास घरात आला, पांढऱ्या टाइल्स आणि पांढऱ्या दिव्यासकट. दोन्ही बदल सोयीचेच आहेत. पावसात छत्री धरून रात्री मागीलदारी जाणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. पण त्याच घरांतून हल्ली एक तक्रार नेमाने ऐकू येते: "रात्री एकदा उठलं की मग डोळ्याला डोळा लागत नाही." दोष वयाला दिला जातो, संध्याकाळच्या चहाला दिला जातो, मुंबईतल्या मुलाच्या काळजीला दिला जातो. त्यातला थोडा वाटा दिव्याचाही आहे. तो किती आणि कुठल्या दिव्याचा, हे नीट पाहिलं तर उपाय स्वस्तात होतो.

आधी डोळ्याचं एक वेगळंच काम समजून घेऊ. डोळा बघण्यासाठी असतो हे खरं, पण त्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात की त्यांचा बघण्याशी फारसा संबंध नसतो. बाहेर उजेड किती आहे आणि किती वेळ आहे, एवढीच नोंद त्या ठेवतात. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते पहिल्यांदा सापडलं ते बेडकाच्या कातडीत. या बेडकाच्या कातडीतल्या काही पेशी उजेड पडला की गडद होतात, आणि त्या कशामुळे होतात हे शोधताना इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९८ मध्ये हे रंगद्रव्य मिळालं. पुढे २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने उंदरांच्या डोळ्यांत दाखवून दिलं, की या पेशी इतर कुणाच्या मदतीशिवाय स्वतःच उजेड ओळखतात. दिसण्याची शक्ती पूर्ण गेलेल्या काही माणसांच्या शरीरालाही दिवस-रात्र कळतात, याचं कारण हेच. त्यांच्या या पेशी शाबूत असतात.

या पेशींचे धागे थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या ठिकाणी जातात. तिथे सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. झोप, शरीराचं तापमान, भूक, रक्तदाब या सगळ्यांची वेळ तोच ठरवतो. आपण शरीराचं घड्याळ म्हणतो ते मुख्यतः हे. अंधार पडला की हे घड्याळ मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला मोकळीक देतं आणि मेलाटोनिन रक्तात उतरू लागतं. आपल्या रोजच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी त्याची सुरुवात होते. मेलाटोनिन म्हणजे झोपेची गोळी नव्हे. रात्र झाली हा निरोप शरीरभर पोचवणं, हे त्याचं काम. डोळ्यावर उजेड पडला की हा निरोप अडतो.

दुसरी गोष्ट अशी की हे घड्याळ अगदी अचूक नसतं. बाहेरचा काहीच सुगावा न देता माणसांना ठेवून पाहिलं, तेव्हा त्यांचा दिवस सरासरी २४ तास आणि वर दहा-बारा मिनिटांचा निघाला. म्हणजे रोज त्याला थोडं मागे खेचून जागेवर आणावं लागतं आणि ते काम सकाळचा उजेड करतो. संध्याकाळचा आणि रात्रीच्या पहिल्या भागातला उजेड उलटं करतो, घड्याळ आणखी पुढे ढकलतो. त्या दिवशी झोप उशिरा येते, दुसऱ्या दिवशी जाग जड जाते. शाळेची नाहीतर एसटीची वेळ मात्र बदलत नाही, म्हणून झोपेतूनच वेळ कापली जाते.

घरातला साधा उजेडसुद्धा यासाठी पुरतो का? पुष्कळ वर्षं समज होता की पुरत नाही. १९८० मध्ये आल्फ्रेड ल्यूई यांनी माणसाचं मेलाटोनिन उजेडाने दबतं हे दाखवलं, तेव्हा त्यांनी २५०० लक्सचा झगझगीत दिवा वापरला होता. घरात एवढा उजेड कुणाकडेच नसतो. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेआधीचे काही तास लोकांना दोनशे लक्सपेक्षा कमी, म्हणजे नेहमीच्या खोलीतल्या उजेडात बसवलं. जवळपास प्रत्येकाच्या शरीरात मेलाटोनिन उशिरा सुरू झालं आणि मंद उजेडातल्या रात्रींच्या तुलनेत ते रक्तात राहण्याचा काळ दीड तासाने कमी झाला. पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट पुढे आली. माणसामाणसांत या बाबतीत प्रचंड फरक असतो. एखाद्याला दहा लक्सही पुष्कळ होतात, तर दुसऱ्याला कित्येक पट उजेडातही घोरता येतं. त्यामुळे "आमचे हे तर ट्यूबखाली झोपतात" हा पुरावा फक्त 'ह्यां'च्यापुरता असतो.

लक्स म्हणजे एखाद्या जागी पोचणारा उजेड. एक मेणबत्ती एक मीटरवर साधारण एक लक्स देते. पौर्णिमेचं चांदणं एका लक्सच्याही आत असतं. ढगाळ आभाळाखाली अंगणात हजारो लक्स मिळतात, तर वैशाखातल्या भर दुपारी ही संख्या लाखाच्या घरात जाते. आपल्या डोळ्यांना खोलीतला उजेड आणि अंगणातला उजेड यांत शेकडो पटींचा फरक आहे असं वाटतच नाही, कारण बुबुळ आणि मेंदू मिळून तो सांभाळून घेतात. म्हणून अंदाजाने काही कळत नाही, हिशेबच करावा लागतो.

मेलॅनॉप्सिनला सगळे रंग सारखे नसतात, हेही त्या हिशेबात धरायला हवं. निळ्या, त्यातही आकाशी छटेच्या उजेडाने ते सगळ्यात जास्त जागं होतं. केशरी उजेडाने फार कमी, तांबड्याने जवळजवळ नाहीच. म्हणून शास्त्रज्ञ आता साध्या लक्सऐवजी निळ्याला जास्त वजन देऊन मोजलेला लक्स वापरतात. आपण त्याला इथे 'घड्याळाचा लक्स' म्हणू. दिव्याच्या खोक्यावर ६५०० केल्विन किंवा 'कूल डेलाइट' लिहिलेलं असेल, तर त्याचा साधा लक्स आणि घड्याळाचा लक्स जवळपास सारखेच येतात. २७०० किंवा ३००० केल्विन, म्हणजे 'वॉर्म व्हाइट' असेल, तर घड्याळाचा लक्स साध्याच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो.

२०२२ मध्ये या विषयातल्या संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने एकत्र बसून मर्यादा सुचवल्या. त्या याच मापात आहेत आणि दिव्याखाली नव्हे, डोळ्यापाशी मोजायच्या आहेत. दिवसा निदान २५०. झोपण्याच्या तीन तास आधीपासून जास्तीत जास्त १०. झोपण्याच्या जागी १. आणि रात्री उठून काही करावंच लागलं तर, तेवढ्यापुरते पुन्हा जास्तीत जास्त १०. न्हाणीघराच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे.

आता एक घर घेऊ. गुहागर तालुक्यातलं धरा. चिऱ्याचं, अलीकडे डागडुजी केलेलं. सत्तरीची आजी, मुलगा-सून आणि पाच वर्षांचा नातू. सगळे संध्याकाळी बसतात ती खोली दहा बाय बाराची. भिंतीवर वीस वॉटची कूल डेलाइट पट्टी, म्हणजे अंदाजे दोन हजार ल्यूमेन. दिव्यातून एकूण बाहेर पडणारा उजेड ल्यूमेनमध्ये मोजतात. भिंती, फर्निचर, उघडं दार यांत निम्म्याच्या आसपास उजेड वाया जातो. उरलेला अकरा चौरस मीटरवर पसरला की टेबलाच्या उंचीवर शंभर-एक लक्स होतात. समोर बघत बसलेल्या माणसाच्या डोळ्यात त्यातले साठ-सत्तर शिरतात. पांढरा दिवा असल्यामुळे घड्याळाचे लक्स साठाच्या आसपास धरू. मर्यादा आहे दहा. हे लोक साडेसातपासून दहापर्यंत, रोज, मर्यादेच्या सहापट उजेडात बसतात आणि त्यांना ती खोली 'साधी' वाटते.

याच खोलीत ती पट्टी बंद करून कोपऱ्यात पाच वॉटचा वॉर्म व्हाइट बल्ब लावला तर? साडेचारशे ल्यूमेन, त्यातले निम्मे कामाचे, म्हणजे टेबलावर वीसेक लक्स आणि डोळ्यात दहा-बारा. रंग पिवळट असल्याने घड्याळाचे लक्स पाच-सहा. मर्यादेच्या आत. गप्पा मारायला, जेवायला, टीव्ही बघायला एवढा उजेड पुरतो. विळीवर काही चिरायला किंवा नातवाच्या पायात रुतलेला काटा काढायला पुरत नाही. त्या वेळी पट्टी लावावी, काम झालं की बंद करावी. दिवा डोळ्यांच्या रेषेच्या खाली असला तर आणखी बरं. उघडा बल्ब नजरेसमोर असेल तर सगळा हिशेब बिघडतो, म्हणून त्यावर शेड हवी किंवा त्याचं तोंड भिंतीकडे हवं.

इथे डिमर बसवायचा मोह होतो. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं बटण, हवा तेवढा उजेड. पण बाजारातले बरेचसे साधे एलईडी डिमरसाठी बनवलेलेच नसतात. ते लुकलुकतात, गुणगुणतात किंवा ठरावीक जागी एकदम विझतात. वायरमनला बोलावून दुसरा होल्डर आणि वेगळं बटण टाकून घेणं स्वस्त पडतं, आणि ते कुणीही वापरू शकतं. घरातल्या म्हाताऱ्यांना तीन तऱ्हांचं बटण समजावण्यापेक्षा 'आठला मोठा बंद, छोटा चालू' हे सांगणं सोपं.

त्या घरात सगळ्यात जास्त झळ कुणाला लागते? आपल्याला वाटतं आजीला, कारण तक्रार तिची. पण वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा उजेड अडवतं. त्याच खोलीत नातवाच्या डोळ्यात मात्र तो सगळा शिरतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात झोपण्याआधी तासभर झगझगीत उजेड दिला, तर मेलाटोनिन जवळपास पूर्ण दबलं आणि दिवा मंद केल्यावर पाऊण तासानेही बहुतेकांचं वर आलं नाही. रात्री दहाला घरभर पळणारं पोर नेहमी वांडच असतं असं नाही. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर मात्र तिचंही गणित बदलतं, कारण नवं भिंग स्वच्छ असतं आणि निळा उजेड पुन्हा आत येऊ लागतो. ऑपरेशननंतर टीव्हीचा रंग वेगळा दिसतो असं लोक सांगतात, त्याचं कारणही हेच.

फोनविषयी एवढंच म्हणतो, की हातभर अंतरावर धरलेल्या फोनचा उजेड डोळ्यात पडतो तो वरच्या पट्टीपेक्षा सहसा कमीच. पडदा पिवळा करून ठेवायचा आणि वर वीस वॉटची पट्टी चालू ठेवायची, यात फारसा अर्थ नाही. फोनमुळे झोप जाते ती बऱ्याचदा त्यात जे दिसतं त्याने जाते.

आता रात्री दोन वाजता. आजी उठते, न्हाणीघराचं बटण दाबते. चार बाय सहाची खोली, छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स, नऊ वॉटचा पांढरा बल्ब. नऊशे ल्यूमेन आणि जागा दोन-सव्वादोन चौरस मीटर. टाइल्स उजेड शोषत नाहीत, परत फेकतात. त्यामुळे डोळ्यापाशी सव्वाशे-दीडशे लक्स सहज होतात आणि जवळपास सगळे घड्याळाच्या मापातलेही. माजघरापेक्षा दुप्पट उजेड, तोही काळोखाला सरावलेल्या, बाहुल्या पूर्ण उघडलेल्या डोळ्यांवर. आरशावर वेगळी पट्टी असेल आणि आजी हात धुताना तिच्यासमोर उभी राहिली तर आणखी जास्त.

दोन मिनिटांच्या या उजेडाने काय होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मेलाटोनिन एका क्षणात नाहीसं होत नाही. ते दबायला काही मिनिटं लागतात आणि आजी तोवर पांघरुणात परतलेली असते. दुसरीकडे, या पेशी दिवा विझल्यावरही काही काळ निरोप देत राहतात, आणि प्रयोगशाळेत साडेनऊ हजार लक्सचा उजेड फक्त पंधरा सेकंद ते दोन मिनिटं देऊनही घड्याळ अर्धा-पाऊण तास सरकलेलं आढळलं आहे. न्हाणीघरात साडेनऊ हजार नसतात. म्हणून माझं मत असं, की दोन मिनिटांच्या एका फेरीने घड्याळ मोडत नाही. पण उजेडाचा आणखी एक परिणाम असतो जो लगेच होतो. तो मेंदूला सावध करतो, झोपेची गुंगी उतरवतो. आजीची झोप जाते ती मुख्यतः यामुळे. मग ती उठलीच आहे तर देवघरात डोकावते, पाणी पिते, स्वयंपाकघरातला दिवा लावून मांजराने काय सांडलंय ते बघते, आणि दोन मिनिटांची वीस मिनिटं होतात. तेवढ्यात मात्र घड्याळालाही धक्का बसतो. रात्रीतून दोन-तीन फेऱ्या असतील तर प्रत्येक वेळी.

धक्का कुठल्या दिशेला बसतो हे वेळेवर ठरतं. शरीराचं तापमान रात्रीत एकदा सगळ्यात खाली जातं, साधारणपणे रोज जाग येण्याच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी. साडेपाचला उठणाऱ्या माणसाचं अडीच-तीनच्या सुमारास. त्याच्या आधीचा उजेड घड्याळ उशिरा करतो, नंतरचा लवकर करतो. म्हणजे दीड वाजता लावलेला दिवा आणि साडेचारला लावलेला दिवा एकमेकांच्या उलट काम करतात.

उपाय म्हणून 'काळोखात जा' असं सांगणारे लेख मी वाचले आहेत. असं सांगणाऱ्याने कोकणातलं न्हाणीघर पाहिलेलं नसावं. आत जाताना उंबरठा असतो, पुढे एक पायरी खाली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत फरशी कोरडी म्हणून नसते. सत्तरीत खुब्याचं हाड मोडणं हे एका रात्रीच्या झोपेपेक्षा हजारपट वाईट. त्यामुळे उजेड हवाच, फक्त तो कमी, पिवळा-तांबडा, खालून आणि नजरेआड हवा.

त्या घरासाठी मी असं सुचवीन. न्हाणीघराकडे जाणाऱ्या पडवीत, दारालगत, गुडघ्याच्या खाली एक प्लग पॉइंट आणि त्यात अर्ध्या वॉटचा केशरी किंवा तांबडा झिरोचा दिवा. तो रात्रभर चालू राहू दे. दहा तास जळला तर महिन्याला एका युनिटचा सहावा हिस्सासुद्धा होत नाही. इन्व्हर्टरवरही तो जाणवत नाही. न्हाणीघराचं दार थोडं उघडं ठेवलं की आत उंबरठा, पायरी, भांडं आणि नळ दिसण्याइतका उजेड जातो, कारण त्याच पांढऱ्या टाइल्स आता आपल्या बाजूने काम करतात. डोळ्यापाशी एक लक्ससुद्धा होत नाही, आणि जे होतं त्यात निळं जवळपास नसतं. दार लावल्याशिवाय चालत नसेल तर आत उंचावर, पाणी उडणार नाही अशा जागी दुसरा तसाच दिवा, वेगळ्या बटणावर. मोठ्या दिव्याचं बटण आणि या दिव्याचं बटण शेजारी नको. झोपेत हात सवयीने मोठ्याकडेच जातो. मोठ्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली तर हाताला लगेच कळतं.

दोन चुका फार होतात. पहिली, निळा झिरो. कितीतरी घरांत झोपायच्या खोलीत हाच असतो, कारण तो 'थंड' वाटतो. अर्ध्या वॉटचा असल्याने तो फार नुकसान करत नसेल, पण सगळ्या रंगांतून नेमका चुकीचा निवडलेला असतो. बदलायला पन्नास रुपयेही लागत नाहीत. दुसरी, माणूस आला की आपोआप लागणारे सेन्सरचे दिवे. कल्पना उत्तम, पण बरेच पांढरे असतात आणि एकदम पूर्ण जोरात लागतात, नेमके जे टाळायचं तेच. त्यातून समुद्राजवळच्या गावांत खाऱ्या हवेने बॅटरीच्या पट्ट्यांना हिरवट गंज चढतो, आणि एखाद्या रात्री दिवा लागतच नाही. ज्यावर म्हाताऱ्या माणसाचं पाऊल अवलंबून आहे तो दिवा असा बेभरवशाचा नको.

अजूनही पुष्कळ घरांत संडास बाहेरच आहे. तिथे वेगळाच हिशेब. बाहेर काळोखात पाय टाकायचा नाही, हे कोकणात लहान पोरालाही ठाऊक असतं. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं आहे, मण्यार रात्रीच फिरते, घोणस पालापाचोळ्यात पडून असते. तिथे चांगला, पांढरा, जोरदार टॉर्चच हवा आणि वहाणाही हव्यात. गंमत अशी की याने घड्याळाचं फारसं बिघडत नाही. टॉर्चचा झोत पायांपुढे जमिनीवर पडतो, डोळ्यावर नाही. आणि आपली तांबडी माती त्यातला निळा भाग बऱ्यापैकी गिळून उरलेलाच परत फेकते. डोळ्यापर्यंत पोचतो तो उजेड पांढऱ्या टाइल्सच्या बंद खोलीपेक्षा कितीतरी कमी. घराच्या कोपऱ्यावर रात्रभर जळणारा मोठा पांढरा हॅलोजनसारखा एलईडी मात्र खिडकीतून अंथरुणावर येत असेल, तर त्याचं तोंड वळवा.

संध्याकाळच्या मंद उजेडाने खरंच फरक पडतो का, याचा एक अनुभव उत्तर कोकणाने न मागता घेतला आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. अशा गावांतली माणसं सांगतात, की आठ-साडेआठलाच झोप अनावर व्हायची. तो पुरावा शुद्ध नाही हे खरं. दिवसभर कौलं आणि पडलेले माड उचलून अंग मोडलेलं, टीव्ही नाही, फोन मेलेले. पण अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याच्याशी जुळतो. काही लोक आठवडाभर तंबूत राहिले, उजेड फक्त उन्हाचा आणि शेकोटीचा. त्यांचं मेलाटोनिन सुमारे दोन तास लवकर, सूर्य मावळायच्या सुमाराला सुरू होऊ लागलं. मात्र त्यांना दिवसाही घरातल्यापेक्षा कैक पट उजेड मिळाला होता, आणि ही बाब आपल्याकडे पावसाळ्यात महत्त्वाची ठरते.

दिवसा भरपूर उजेड मिळाला असेल तर संध्याकाळच्या दिव्याचा परिणाम कमी होतो. दिवस अंधारात गेला असेल तर तोच दिवा जास्त लागतो. आषाढात आपल्या जुन्या घरांत काय असतं? झडी आडव्या येऊ नयेत म्हणून पडवीला झापं बांधलेली, खिडक्या बंद, माजघरात भर दुपारी तीस-चाळीस लक्स. आणि मग संध्याकाळी त्याच माजघरात वीस वॉटची पांढरी पट्टी. घड्याळाच्या दृष्टीने दिवस आणि रात्र यांत फरकच उरत नाही, उलट रात्रच उजळ होते. म्हणून पावसाळ्यात सकाळी पाऊस थोडा उघडला की अर्धा-पाऊण तास ओटीवर किंवा खळ्यात बसावं, तांदूळ तिथेच निवडावेत. आभाळ काळं असलं तरी बाहेर आतल्यापेक्षा शंभरपट उजेड असतो. नुसता संध्याकाळचा दिवा मंद करून सकाळ मात्र काळोखात काढली तर निम्मंच काम होतं.

फरक पडतोय की नाही हे कळायला दोनेक आठवडे द्या. दोन गोष्टी बघा: जांभई किती वाजता येते, आणि रात्री उठून परतल्यावर छतं मोजत पडावं लागतं का. गणपतीत भजनं रंगली, दशावतार पहाटेपर्यंत चालला, तर ते दिवस हिशेबात धरू नका. आणि दिवे बदलूनही आजीला रात्रीतून तीन-चारदा उठावं लागत असेल, तर तो दिव्याचा प्रश्न नाही. साखर, लघवीचा संसर्ग, सुजेची किंवा रक्तदाबाची संध्याकाळी घेतली जाणारी गोळी, पुरुषांत प्रोस्टेट, यांपैकी काही आहे का ते डॉक्टरांना विचारावं. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांनी सकाळी आणली, तर पुष्कळदा फेऱ्याच कमी होतात.

एका प्रकारच्या माणसांना मात्र हा सगळा सल्ला उलटा लागू होतो. शेजारचे आजोबा साडेसातला पेंगू लागतात, आठला झोपतात आणि पहाटे तीनला टक्क जागे होऊन सगळ्यांच्या उठण्याची वाट बघतात. त्यांचं घड्याळ उशिराकडे नाही, लवकरकडे सरकलेलं आहे. त्यांच्यासाठी संध्याकाळचा दिवा मंद करणं म्हणजे त्यांना आणखी लवकर झोपवणं. त्यांच्या खोलीतली पांढरी पट्टी नऊपर्यंत चालू राहू दे, आणि त्याआधी सूर्य मावळेपर्यंत त्यांना अंगणात, पश्चिमेकडे तोंड करून बसू दे. रात्रीचं न्हाणीघर मात्र त्यांच्यासाठीही केशरी दिव्याचंच हवं, कारण तापमानाचा तळ त्यांच्या शरीरात लवकर येऊन जातो. पहाटे तीनला त्यांनी लावलेला पांढरा दिवा त्यांना दुसऱ्या दिवशी अडीचलाच उठवायच्या कामाला लागतो.